४०० घरांचा आलेख वाकडा, मग सरासरी सरळ कशी?

प्रश्न: "सर, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतल्या २० गावांतून प्रत्येकी २० अशा ४०० कुटुंबांचं मासिक उत्पन्न गोळा केलं. नोट्समध्ये लिहिलंय की नमुना ३० च्या वर गेला की तो नॉर्मल होतो. माझा हिस्टोग्राम अजिबात घंटेसारखा नाही, उजवीकडे लांबच लांब शेपूट आहे. गाईड म्हणतात वरचे चार-पाच आकडे आउटलायर म्हणून काढून टाका. माझं नेमकं काय चुकलं?"

तुमचं काही चुकलेलं नाही. उलट ४०० घरांच्या उत्पन्नाचा आलेख घंटेसारखा आला असता, तर मीच विचारलं असतं की फॉर्म घरी बसून भरले का. उत्पन्नाचा आलेख असाच असतो. पालकडून सातपुडा उतरताना दिसतं तसा: एका अंगाला उभा डोंगर, मग झपकन उतार, आणि मग तापीपर्यंत सपाटच सपाट. डोंगरात शेतमजूर, कोरडवाहू कापूसवाले, जिनिंगमधले कामगार. त्या लांब सपाटीवर मधूनच एखादा मोठा बागायतदार, एखादा केळीचा व्यापारी, एखादा सराफ.

चुकलंय ते नोट्समधलं वाक्य. "नमुना नॉर्मल होतो" असं सेंट्रल लिमिट थिअरम कुठेच म्हणत नाही. नमुना ३० चा घ्या, ४०० चा घ्या, चार लाखांचा घ्या. जितका मोठा घ्याल तितका तो मूळ लोकसंख्येसारखाच दिसत जाईल, म्हणजे वाकडाच. नॉर्मलकडे सरकतं ते नमुन्याच्या सरासरीचं वितरण. आता तुम्ही म्हणाल, माझ्याकडे सरासरी तर एकच आहे, एका आकड्याचं वितरण कसलं? खरी अडचण इथेच आहे आणि वर्गात ती कोणी नीट सोडवून देत नाही. असं समजा की तुमच्यासारखे २०,००० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने त्याच भागातून स्वतंत्रपणे ४०० घरं निवडली आणि प्रत्येकाने एक सरासरी काढली. त्या २०,००० सरासऱ्यांचा जो हिस्टोग्राम होईल, प्रमेय त्याच्याबद्दल बोलतं. तुमच्या हातात त्यातला एकच ठिपका आहे, बाकीचे १९,९९९ तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. म्हणून ते कॉम्प्युटरवर पाडून बघायचे.

पण कोडकडे जाण्याआधी पाटीवर होईल इतकं छोटं उदाहरण करू, कारण कॉम्प्युटर घंटा दाखवतो, ती का येते ते सांगत नाही.

एक गाव धरा. दहापैकी नऊ घरं महिन्याला १०,००० कमावतात आणि दहावं घर १,००,०००. सरासरी १९,०००, आणि गंमत म्हणजे गावात १९,००० कमावणारं एकही घर नाही. आता डोळे मिटून चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. एकच चिठ्ठी काढली तर आलेखात दोनच खांब: डावीकडे ९० टक्क्यांचा, उजवीकडे १० टक्क्यांचा. दोन चिठ्ठ्यांची सरासरी घेतली की मध्ये ५५,००० चा एक नवा खांब उभा राहतो. १०,००० ची संभाव्यता ८१ टक्के, ५५,००० ची १८, आणि दोन्ही वेळा श्रीमंत घर येऊन १,००,००० होण्याची फक्त १ टक्का. ५५,००० ला १८ टक्के का मिळाले? कारण तिथे पोहोचायच्या वाटा दोन आहेत: आधी गरीब मग श्रीमंत, किंवा आधी श्रीमंत मग गरीब. दोन्ही टोकांना वाट एकेकच.

दहा चिठ्ठ्या काढल्या की सरासरी म्हणजे १०,००० अधिक ९,००० गुणिले श्रीमंत घरांची संख्या. एकही श्रीमंत न येण्याची संभाव्यता ३५ टक्के, एक येण्याची ३९, दोन येण्याची १९, तीन येण्याची ६, उरलेली टक्का-सव्वा टक्का. ढीग अजून डावीकडेच कलंडलेला आहे, पण आता त्याला शिखर आलंय आणि ते अगदी डाव्या टोकावरून एक पायरी आत सरकलंय.

शंभर चिठ्ठ्यांना खरा फरक दिसतो. श्रीमंत घरं सरासरीने दहा यायला हवीत. बरोबर दहा येण्याची संभाव्यता १३.२ टक्के. एकही न येण्याची? लाखात दोन-तीनदा. मजा बघा: शंभरच्या शंभर चिठ्ठ्या गरीब घरांच्या, ही रांग एकेकटी धरली तर सगळ्या रांगांत सर्वांत जास्त शक्यतेची आहे. पण ती रांग एकच आहे. शंभरात कुठेही दहा श्रीमंत बसवायच्या रांगा १७ लाख कोटींच्या वर आहेत. मधला भाग फुगतो तो या गर्दीमुळे. टोकाला जायचं तर सगळ्या चिठ्ठ्यांचं एकमत लागतं, मध्ये राहायला कसलंही भांडण चालतं.

इथेच एक गोष्ट वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल. शंभरालाही घंटा पूर्ण सरळ झालेली नाही. दहापेक्षा तीन कमी, म्हणजे सात श्रीमंत येण्याची संभाव्यता ८.९ टक्के, तीन जास्त, म्हणजे तेरा येण्याची ७.४ टक्के. घंटा खरोखर सममित असती तर दोन्ही आकडे सारखे आले असते.

मग ही वाकडेपणाची खूण जाते कशी? चिठ्ठ्यांची बेरीज करताना विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, n पट होतं. वाकडेपणा मोजणारा तिसरा घातही n पटच होतो. पण विषमता मोजताना आपण तो तिसरा घात प्रमाण विचलनाच्या घनाने भागतो, आणि प्रमाण विचलन √n पट झाल्यामुळे त्याचा घन n√n पट झालेला असतो. वर n, खाली n√n. उरतं एकावर √n. विषमता अशी हळूहळू विरते. चौथ्या घातातलं शेपटांचं वैशिष्ट्य त्याहून लवकर, एकावर n या वेगाने विरतं. मूळ वितरणाची जी काही खास चेहरेपट्टी होती ती अशी एकेक करून पुसली जाते आणि शेवटी सरासरी व प्रमाण विचलन एवढ्या दोनच गोष्टींची आठवण राहते. द मुआव्हर यांनी १७३३ मध्ये नाणेफेकीसाठी हे दाखवलं, लाप्लास यांनी १८१० मध्ये ते बरंच व्यापक केलं. नावातलं "सेंट्रल" पुष्कळांना वाटतं तसं मध्याशी संबंधित नाही. पोल्या यांनी १९२० मध्ये हे नाव दिलं ते संभाव्यताशास्त्रात या प्रमेयाची जागा मध्यवर्ती आहे म्हणून.

आता कोड. उत्पन्नासाठी मी लॉगनॉर्मल वितरण घेतोय: उत्पन्नाचा लॉगॅरिदम काढला तर तो नॉर्मल, असं वितरण. मध्यक १२,००० रुपये आणि लॉगचं प्रमाण विचलन १ धरलंय. हे आकडे माझ्या मनाचे आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. तुमचे आले की बदलून घ्या. या गृहीतावर खरी सरासरी १९,७८५ येते, म्हणजे मध्यकाच्या दीडपटीहून जास्त, आणि शंभरातली ६९ घरं "सरासरीपेक्षा कमी" कमावतात. वरची एक टक्का घरं एकूण उत्पन्नातले नऊ टक्के घेऊन जातात. फार टोकाचं नाही, पण शेपूट चांगलं लांब आहे.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)

def skew(x):
    return np.mean((x - x.mean())**3) / x.std()**3

for n in [1, 5, 30, 100, 400]:
    x = rng.lognormal(np.log(12000), 1.0, size=(20000, n))
    m = x.mean(axis=1)
    print(n, round(m.mean()), round(m.std()), round(skew(m), 2))
```

प्रत्येक ओळीत २०,००० विद्यार्थी आहेत, प्रत्येकाने n घरं घेतली आहेत. दुसरा आकडा, सरासऱ्यांची सरासरी, सगळीकडे १९,७८५ च्या आसपास राहतो. नमुना लहान असला म्हणून सरासरी एकीकडे झुकत नाही. तिसरा आकडा सरासऱ्यांचा पसारा, म्हणजे स्टँडर्ड एरर. एका घराला तो जवळपास २५,९३५ असतो, ३० घरांना ४,७३५ आणि ४०० घरांना १,२९७, कारण २५,९३५ भागिले √n. चौथा आकडा विषमता. या वितरणाची मूळ विषमता ६.१८, पाच घरांच्या सरासरीला ती २.७७, तिसाला १.१३, शंभराला ०.६२ आणि चारशेला ०.३१. वर पाटीवर काढलेला एकावर √n तो हाच.

seed मधला ७ बदलून दोन-तीनदा चालवा. पहिल्या ओळीतला विषमतेचा आकडा भलताच नाचतो, कधी पाचाच्या आत, कधी सातापुढे. २०,००० आकडे असूनही! कारण त्यातलं एखादं अतिश्रीमंत घर तिसऱ्या घातात सगळ्यांना झाकोळून टाकतं. म्हणजे तुमच्या ४०० घरांवरून तुम्ही जी विषमता काढाल ती बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच येईल. हेही लक्षात असू द्या.

आता ३० वर येतो. ३० घरांच्या सरासऱ्यांचा हिस्टोग्राम काढला तर लांबून घंटा वाटते. मीही वर्गात बरीच वर्षं तोच दाखवून पुढे जायचो. पण टोकांपाशी जाऊन मोजा. खरी सरासरी अधिक-उणे १.९६ स्टँडर्ड एरर म्हणजे साधारण १०,५०० ते २९,०६६. नॉर्मल असतं तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच टक्के सरासऱ्या बाहेर पडल्या असत्या. प्रत्यक्षात वरच्या बाजूला चारेक टक्के पडतात आणि खालच्या बाजूला जवळजवळ कोणीच नाही. १.१३ विषमतेचा अर्थ व्यवहारात हा.

याहून वाईट पुढे आहे. तुम्हाला खरं प्रमाण विचलन माहीत नसतं, ते त्याच नमुन्यातून काढावं लागतं. मग ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल काढून बघू की २०,००० पैकी किती विद्यार्थ्यांचा अंतराल खऱ्या सरासरीला पकडतो.

```python
n, mu = 30, 12000 * np.exp(0.5)
x = rng.lognormal(np.log(12000), 1.0, size=(20000, n))
m = x.mean(axis=1)
e = 2.045 * x.std(axis=1, ddof=1) / np.sqrt(n)
print(np.mean(m + e < mu), np.mean(m - e > mu))
```

२.०४५ हा २९ स्वातंत्र्यमात्रांसाठीचा t चा आकडा. छापून येणारे दोन आकडे म्हणजे अंतराल पूर्ण खाली राहिल्याचं आणि पूर्ण वर गेल्याचं प्रमाण. दोन्ही ०.०२५ यायला हवेत. येतं काय, तर पहिला ०.११ च्या आसपास आणि दुसरा ०.०१ च्याही आत. शंभरात पाच चुकायला हवे होते, अकरा-बारा चुकतात, आणि चुकतात ते जवळपास सगळे एकाच दिशेला: उत्पन्न खऱ्यापेक्षा कमी सांगतात.

कारण समजून घ्या, कारण तुमच्या गाईडच्या सल्ल्याचं उत्तर त्यातच आहे. ३० घरांत एकही बडं घर आलं नाही, तर सरासरी खाली येते. पण त्याच वेळी पसाराही लहान दिसतो, कारण पसारा वाढवणारं घरच नमुन्यात नाही. म्हणजे अंतराल चुकीच्या जागी बसतो आणि वर आखूडही होतो. चुकलेल्याचाच आत्मविश्वास सर्वांत जास्त. उलट एखादं बडं घर आलं तर सरासरी वर जाते, पण पसारा इतका फुगतो की लांबलचक अंतराल खऱ्या सरासरीला कसाबसा पोटात घेतोच.

आता "वरचे चार-पाच काढून टाका" म्हणजे काय केलं? आपल्या हाताने सगळ्या नमुन्यांना त्या पहिल्या प्रकारात ढकललं.

हे मी केलेलं आहे म्हणून सांगतो. सुरुवातीच्या काळात एका पाहणीत माझ्याकडे ४० घरं होती. ३९ घरांची सरासरी १६,०००, आणि चाळिसावं घर एका केळीच्या व्यापाऱ्याचं, महिन्याला ४,२०,०००. सगळे धरून सरासरी २६,१०० येत होती. वरिष्ठ म्हणाले, हा आकडा भाजीत खडा आल्यासारखा आहे, काढा. मी काढला, अहवालात १६,००० छापले, आलेखही देखणा झाला. पुढे दुसऱ्या एकाने मोठ्या नमुन्यावर त्याच भागाची सरासरी काढली तेव्हा आमचा आकडा फारच खाली निघाला. तो व्यापारी काही खोटा नव्हता. टायपिंगमध्ये एखादं शून्य जास्त पडलं असेल, वार्षिक उत्पन्न मासिक रकान्यात लिहिलं गेलं असेल, तर तो आकडा दुरुस्त करायचा, फॉर्म काढून बघायचा, लागलं तर परत गावाला जायचं. घर खरं असेल तर ते ठेवायचं. २६,१०० हाही आकडा डळमळीत होता हे मला मान्य, ४० घरांवर तो तसाच येणार. पण डळमळीत आकडा डळमळीत म्हणून सांगता येतो. १६,००० ठाम दिसत होता आणि चूक होता.

मग किती घरं पुरेशी? कॉक्रन यांचा एक जुना ढोबळ नियम आहे: नमुना विषमतेच्या वर्गाच्या २५ पटीपेक्षा मोठा हवा, म्हणजे ९५ टक्क्यांचं विधान सहा टक्क्यांपेक्षा जास्त वेळा चुकत नाही. विषमता १ असेल तर २५ घरं, आणि तिसाचा लौकिक अशाच सौम्य वितरणांवर टिकून आहे. आपल्या कल्पित उत्पन्नाची विषमता ६.१८, तिचा वर्ग ३८ च्या थोडा वर, गुणिले २५ म्हणजे साडेनऊशेहून थोडी जास्त घरं. तुमची ४०० त्याहून कमी आहेत, पण फार घाबरायचं कारण नाही: ४०० ला अंतराल ९५ ऐवजी ९४ टक्क्यांच्या आसपास पकडतो. वरच्या कोडमध्ये n = 400 आणि 2.045 च्या जागी 1.966 टाकून स्वतः बघा. चुका अजूनही खालच्याच बाजूला जास्त असतील.

एक तपासणी मात्र आजच करा. प्रत्येक घराचं सरासरीपासूनचं अंतर काढा, वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा. मग सर्वांत श्रीमंत घराचा त्या बेरजेतला वाटा बघा. एकट्या घराकडे निम्म्याच्या आसपास वाटा असेल, तर तुमचं प्रमाण विचलन म्हणजे त्या एका घराची गोष्ट आहे आणि सरासरीभोवतीच्या अंतरालावर भरवसा ठेवू नका. उत्पन्नाचं अगदी वरचं टोक बऱ्याचदा पॅरेटो वितरणासारखं वागतं, आणि त्याचा घातांक २ च्या खाली असला तर विचरण अनंत असतं. तिथे हे प्रमेय लागूच होत नाही. घरं वाढवत जा, सरासरी स्थिरावल्यासारखी वाटते आणि एक नवं घर येऊन तिला पुन्हा उडी मारायला लावतं. पहिल्या कोडमध्ये x = च्या पुढचं सगळं काढून तिथे (rng.pareto(1.5, size=(20000, n)) + 1) * 6000 टाकून बघा. n १०० चे ४०० केले की पसारा निम्मा व्हायला हवा. इथे तो कुठल्याच हिशेबात बसणार नाही, seed बदलला की भलतंच काहीतरी छापून येईल. अशा वेळी मध्यक सांगावा. तो अतिश्रीमंत घराला भीक घालत नाही. अर्थात, तालुक्याचं एकूण उत्पन्न काढायचं असेल तर मध्यकाने काम होत नाही, तिथे सरासरीच लागते. मग मोठ्या बागायतदारांचा आणि व्यापाऱ्यांचा वेगळा स्तर करून त्यातून जास्त घरं निवडणं हाच उपाय, आणि तो पाहणीच्या आधी करायचा असतो.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला विषमतेपेक्षा मोठं वाटतं. तुमची ४०० घरं स्वतंत्र नाहीत. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक चिठ्ठी दुसरीला न विचारता आली. तुम्ही २० गावं घेतली आणि प्रत्येक गावात २० घरं. रावेरकडच्या एका गावात मे-जूनच्या वादळात केळी आडवी झाली की ती एका घराची होत नाही, अख्ख्या शिवाराची होते. सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला की शेजारपाजारच्या बागाही उपटाव्या लागतात. बागायतदाराचं उत्पन्न बुडालं की त्याच्याकडच्या मजुराचे दिवसही कमी भरतात. म्हणजे एका गावातलं दुसरं घर पहिल्यापेक्षा थोडीच नवी माहिती देतं, आणि पाटीवर आपण जे "भांडण" बघितलं, ज्यामुळे टोकं एकमेकांना खोडून टाकत होती, ते इथे कमी होतं.

किती कमी, याचा हिशेब सोपा आहे. एका गावातल्या घरांचा आपापसातला सहसंबंध ०.१ धरू, म्हणजे तसा किरकोळच. विचरण १ + (२० − १) × ०.१ पट, म्हणजे २.९ पट वाढतं. ४०० भागिले २.९ म्हणजे १३८. तुम्ही ४०० घरांचे उंबरे झिजवलेत, पण सरासरीच्या दृष्टीने हाताशी १३८ घरांइतकीच माहिती आहे. स्टँडर्ड एरर १,२९७ ऐवजी २,२०० च्या पुढे जातो. आणि एक्सेलमध्ये ४०० आकड्यांचं STDEV घेऊन √400 ने भागलं, तर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

तुमच्या बाबतीत सगळ्या गावांतून सारखीच घरं घेतली आहेत, त्यामुळे मार्ग सरळ आहे. आधी प्रत्येक गावाची सरासरी काढा. आता तुमच्याकडे २० आकडे आहेत. स्वतंत्र आहेत ते हे २०, आणि प्रमेय लावायचं ते यांना. त्या २० आकड्यांचं प्रमाण विचलन काढा, √20 ने भागा, आणि १९ स्वातंत्र्यमात्रांसाठी २.०९३ ने गुणून अंतराल लिहा. त्या २० सरासऱ्यांचा एक छोटा ठिपक्यांचा आलेखही काढा. मूळ ४०० पेक्षा तो बराच सावरलेला दिसेल, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे आधीच २० घरांची सरासरी आहे. विषमतेचा बराच भाग तिथेच विरलेला असतो. गाईडना हिस्टोग्रामऐवजी तो आलेख दाखवा. त्यात एखादं गाव बाकीच्यांपासून फारच लांब पडलं असेल तर त्या गावाचे वीसही फॉर्म काढून बघा, एकच मोठं घर आहे की गावच वेगळं आहे.

एवढं सगळं केल्यावरही एक प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर तुमच्याच डायरीत आहे: ती २० गावं कशी निवडली? यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर वरचा हिशेब लागू. एस.टी.च्या रस्त्यावरची, ओळखीच्या सरपंचांची, संध्याकाळी परतता येईल अशी निवडली असतील, तर सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे तुमच्या नमुन्यात आलेलेच नाहीत, आणि ती चूक n वाढवून कमी होत नाही. गावांच्या नावांचा रकाना आणि निवडीची पद्धत कळवा, मग वजनं द्यायची की नाही ते बघू.